बेडक्यातील रक्ताची रेघ : छाती केव्हा तपासून घ्यावी?

पाऊस सरतो, सकाळी धुके उतरू लागते आणि दवाखान्यांच्या बाकांवर खोकणाऱ्यांची गर्दी होते. या दिवसांत डॉक्टरांसमोर बसलेला रुग्ण बहुधा एकाच गोष्टीची तक्रार प्रथम करतो : “बेडका हिरवा पडतो, जरा जास्त ताकदीच्या गोळ्या द्या.” औषधांची चिठ्ठी हातात पडून तो उठतो आणि दाराशी पोहोचल्यावर सहज सांगतो, “मध्ये एकदा रक्ताची बारीकशी रेघ दिसली होती. पण ती घसा सोलवटल्यामुळे असेल.” वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने यातले पहिले वाक्य फारसे महत्त्वाचे नसते आणि दुसरे फार महत्त्वाचे असते. रुग्णाच्या मनात मात्र हा क्रम नेमका उलटा असतो. या उलट्या क्रमापायी कित्येकांचे दोन-तीन महिने वाया जातात आणि फुप्फुसाच्या काही आजारांत हे दोन-तीन महिने फार मोलाचे असतात.

आधी हिरव्या रंगाविषयी. श्वासनलिकांचे आतील अस्तर रोज थोडा पातळ, चिकट स्राव तयार करीत असते. त्यात धूळ व जंतू अडकतात आणि अस्तरावरील सूक्ष्म केसांच्या लाटा तो घशाकडे ढकलतात. निरोगी माणूस हा स्राव नकळत गिळून टाकतो. सर्दी-खोकल्याचा संसर्ग झाला की स्राव वाढतो आणि त्यात रक्तातील पांढऱ्या पेशी लढण्यासाठी मोठ्या संख्येने उतरतात. या पेशींच्या पोटात जंतू मारणारे एक लोहयुक्त विकर असते, त्याचे नाव मायलोपेरॉक्सिडेज. या विकराचा स्वतःचाच रंग हिरवा आहे. पेशी थोड्या असल्या तर बेडका पिवळसर दिसतो. त्या पुष्कळ असल्या आणि स्राव आत बराच वेळ साचून राहिला तर तो हिरवा होतो. सकाळचा पहिला बेडका दुपारच्यापेक्षा गडद असतो त्याचे कारण हेच : तो रात्रभर आत पडून राहिलेला असतो.

म्हणजे हा हिरवेपणा जंतूंचा नव्हे, तो आपल्याच पेशींचा आहे. त्या पेशी विषाणूशी लढत आहेत की जिवाणूशी, हे रंगावरून ठरवता येत नाही. साध्या विषाणूजन्य सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी कफ हिरवट होतो आणि पुढे आपोआप पांढरा होत जातो. दम्याच्या काही रुग्णांत तर संसर्ग मुळीच नसताना, केवळ ॲलर्जीमुळे वाढलेल्या वेगळ्या प्रकारच्या पेशींमुळे बेडका पिवळा दिसतो. या दोन्ही ठिकाणी अँटिबायोटिकचा काही उपयोग होत नाही. साध्या श्वासनलिकादाहाचा खोकला, औषध घ्या अथवा न घ्या, अडीच ते तीन आठवडे रेंगाळतो. हे ठाऊक नसल्यामुळे आठव्या दिवशी एक कोर्स आणि पंधराव्या दिवशी दुसरा, असा क्रम सुरू होतो.

याला एक खरा अपवाद आहे. वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढलेले पुरुष आणि जन्मभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या स्त्रिया यांच्यापैकी अनेकांना सीओपीडी हा श्वासनलिकांचा जुनाट विकार असतो. अशा व्यक्तीला रोज थोडा पांढरा बेडका पडतच असतो. तो बेडका अचानक हिरवा झाला, त्याचे प्रमाण वाढले आणि त्याच सुमारास धापही वाढली, तर तेथे जिवाणूंचा संसर्ग असण्याची शक्यता मोठी असते आणि अँटिबायोटिक देणे योग्य ठरते. श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या रुग्णांनाही हेच लागू होते. येथे अर्थ आहे तो नेहमीच्या रंगात झालेल्या बदलाला. ज्याची छाती एरवी निरोगी आहे, त्याच्या हिरव्या बेडक्याला तेवढे वजन देता येत नाही.

बाकीच्या रंगांचा उल्लेख थोडक्यात पुरेल. थंडी वाजून ताप, श्वास घेताना छातीत टोचणे आणि गंजासारखा तांबूस बेडका हे न्यूमोनियाचे जुने, पुस्तकी चित्र आजही खरे आहे. बेडक्याला सडका वास येत असेल, तर फुप्फुसात पू साचल्याची शंका घ्यावी लागते. खाणीच्या किंवा दगडफोडीच्या धुळीत काम करणाऱ्याचा खाकरा तांबडा-करडा आणि चुलीच्या वा भट्टीच्या धुरात बसणाऱ्याचा काळसर दिसू शकतो. पण दगडाच्या धुळीने क्षयरोगाचा धोकाही वाढतो, म्हणून “धुळीचाच रंग आहे” एवढ्यावर समाधान मानू नये. गुलाबी, फेसाळ बेडका आणि आडवे पडताच गुदमरणे ही मात्र निराळी गोष्ट. तेथे फुप्फुसात पाणी भरत असते, दोष बहुधा हृदयात असतो आणि रुग्णालय त्याच तासाला गाठावे लागते.

हिरवा रंग दिसताच अँटिबायोटिक घेण्याच्या सवयीत आपल्याकडे आणखी एक धोका आहे, आणि त्याची चर्चा पुरेशी होत नाही. खोकल्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या काही अँटिबायोटिक औषधांचा, विशेषतः लेव्होफ्लॉक्सासिनच्या गटातील गोळ्यांचा, क्षयरोगाच्या जंतूंवरही परिणाम होतो. खरोखर क्षयरोग असलेल्या माणसाने पाच-सात दिवस ही गोळी घेतली तर ताप उतरतो, भूक परत येते, खोकला कमी होतो. रोग मात्र बरा होत नाही, तो दबतो. त्याच सुमारास थुंकी तपासली तर जंतू सापडण्याची शक्यता घटते. दोन-तीन आठवड्यांनी सर्व लक्षणे परततात आणि तोवर घरातील माणसे त्याच हवेत श्वास घेत असतात. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांचे नाव डॉक्टरांना सांगणे म्हणूनच आवश्यक ठरते.

रक्त आहे का, आणि कोठले?

लाल दिसले ते सारे रक्त नसते. विडा, गुटखा, बीट किंवा कोकमाचे सरबत यांनी थुंकी लाल होते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधाने लघवी, अश्रू आणि थुंकी नारिंगी-लाल होतात आणि उपचार सुरू झालेला रुग्ण त्याने दचकतो. ते निर्धोक असते.

रक्तच असेल, तर ते आले कोठून हा पुढचा प्रश्न. घोळणा फुटल्यावर रक्त पुढच्या बाजूने वाहिले तर लगेच कळते. पण झोपेत ते मागच्या बाजूने घशात उतरते आणि सकाळी खाकरताना बाहेर पडते. सुजलेल्या हिरड्यांचे रक्त दात घासताना थुंकीत मिसळते, बेडक्यात नव्हे. जठरातून येणारे रक्त मळमळीनंतर उलटीसोबत येते, कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट असते, त्यात अन्नाचे कण असतात आणि पुढे शौचाला डांबरासारखे काळे होते. फुप्फुसातून येणारे रक्त खोकल्याबरोबर येते. ते बहुधा लालभडक असते, त्यात हवेचे बारीक बुडबुडे किंवा चिकट कफ मिसळलेला असतो. कित्येकांना ते येण्यापूर्वी छातीत एका बाजूला खवखव किंवा खळखळ जाणवते. एकदा रक्त पडले की पुढचे दोन-तीन दिवस बेडक्यात काळपट होत जाणारे धागे दिसत राहतात. हा शेपटासारखा मागे राहणारा भाग फुप्फुसाच्या बाजूने बोलणारी खूण आहे.

हे सारे घरी निश्चित ठरवता येईलच असे नाही. तरी एक गोष्ट सहज करता येते. बेसिनमध्ये थुंकून पाणी सोडण्याऐवजी पांढऱ्या कागदावर किंवा पांढऱ्या वाटीत थुंकावे आणि मोबाईलवर त्याचे छायाचित्र घ्यावे. “थोडेसे होते” या शब्दांचा अर्थ प्रत्येकाच्या तोंडी वेगळा असतो. छायाचित्रात रेघ, चमचाभर आणि वाटीभर यांतला फरक डॉक्टरांना एका नजरेत कळतो.

“खोकून खोकून घसा सोलवटला” हे स्पष्टीकरण रुग्ण स्वतःला देतो, कारण त्याने मनाला धीर येतो. कधी कधी ते खरेही असते. परंतु डॉक्टरांनी नाक, घसा आणि हिरड्या प्रत्यक्ष पाहिल्या, तेथे रक्त येण्याजोगी जागा दिसली, तरच ते मान्य करावे. जागा दिसली नाही, तर रक्त छातीतले आहे असे धरूनच पुढे जावे लागते.

थांबलेल्या रक्ताची फसवणूक

फुप्फुसाला रक्त दोन मार्गांनी पोहोचते. हृदयाच्या उजव्या बाजूकडून शुद्ध होण्यासाठी येणारे रक्त पुष्कळ असते, पण त्याचा दाब कमी असतो. दुसरा मार्ग श्वासनलिकांच्या भिंतींना पोसणाऱ्या बारीक धमन्यांचा. त्या थेट शरीराच्या मुख्य धमनीतून निघतात आणि हाताच्या नाडीत असतो तसाच मोठा दाब त्यांत असतो. छातीत दीर्घकाळ दाह राहिला, मग तो क्षयरोगाचा असो, रुंदावलेल्या श्वासनलिकांचा असो वा गाठीचा असो, की या बारीक धमन्या जाड, वाकड्यातिकड्या आणि ठिसूळ होतात. खोकल्याच्या एखाद्या उमाळ्यात त्यांतील एखादी फांदी फुटते, थोडे रक्त येते, गुठळी बसते आणि रक्त थांबते.

रक्त थांबले म्हणजे गुठळी बसली, इतकाच त्याचा अर्थ. धमनी ठिसूळ करणारा रोग जागच्या जागी असतो. रेघ बारीक होती म्हणून रोग बारीक आहे, असेही म्हणता येत नाही. साध्या श्वासनलिकादाहात चमचाभर रक्त येऊ शकते आणि फुप्फुसातील गाठीत महिन्यातून एखाद्या वेळी केसाएवढी रेघ दिसू शकते. वीस वर्षांपूर्वी क्षयरोगातून पूर्ण बरे झालेल्या माणसालाही हे लागू आहे. जंतू मेलेले असतात, पण फुप्फुसात व्रण, पोकळ्या आणि रुंदावलेल्या नलिका राहून जातात. जुन्या पोकळीत कधी बुरशीचा गोळा वाढतो आणि त्याच्या भोवतालून रक्त येत राहते. अशा रुग्णाला तपासणीविना पुन्हा क्षयरोगाची औषधे सुरू करणे हा आपल्याकडचा एक सार्वत्रिक घोटाळा आहे.

येथे समतोलही ठेवला पाहिजे. रक्ताची रेघ दिसलेल्या पुष्कळ जणांत अखेरीस साधा श्वासनलिकादाहच निघतो. पण तो निघतो तपासणीनंतर. तपासणीही मोठी नसते : छातीचा एक एक्स-रे आणि थुंकीचे दोन नमुने. एक्स-रेच्या किरणांची भीती अनेकांच्या मनात असते. छातीच्या एका फोटोत मिळणारी किरणांची मात्रा साधारण दहा दिवसांत निसर्गातून आपोआप मिळते तेवढीच असते.

देशाच्या क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात कोणाला संशयित धरून तपासावे याचे निकष ठरलेले आहेत. दोन आठवडे किंवा अधिक काळ खोकला, दोन आठवडे किंवा अधिक काळ ताप, लक्षणीय वजनघट, थुंकीतून रक्त, अथवा छातीच्या फोटोत काही दोष, यांपैकी एकही गोष्ट पुरेशी आहे. या यादीत एक बारकावा दडलेला आहे. खोकल्याला आणि तापाला दोन आठवड्यांची मुदत आहे, रक्ताला मुदत नाही. खोकला तिसऱ्याच दिवसाचा असला तरी बेडक्यात रक्त दिसले की थुंकी तपासण्याचे कारण तयार झाले.

एक उदाहरण

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका कल्पित पण नेहमीच्या धाटणीच्या उदाहरणावरून पाहू. फोंडा परिसरातील एका कारखान्यात काम करणारे अठ्ठेचाळीस वर्षांचे गृहस्थ. विड्या ओढत, दहा वर्षांपूर्वी सोडल्या. त्यांना सर्दी होते, पाचव्या दिवशी बेडका हिरवा होतो, दुकानातून पाच गोळ्या आणल्या जातात. दहाव्या दिवशी बरे वाटते. एकोणिसाव्या दिवशी सकाळी खाकरताना पांढरट बेडक्यात लाल धागा दिसतो. दुसऱ्या दिवशी तो तपकिरी होतो, चौथ्या दिवशी नाहीसा. आता काही नाही म्हणून ते निर्धास्त होतात. पत्नी मात्र त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन जाते.

डॉक्टर आधी रक्ताची नव्हे, पट्ट्याची चौकशी करतात : कमरेचा पट्टा अलीकडे किती भोके आत गेला? दोन, असे उत्तर येते. वजन काट्यावर साठ किलो भरते. चार महिन्यांपूर्वी कारखान्याच्या तपासणीत ते चौसष्ट होते. संध्याकाळी अंग कोमट वाटते, पहाटे बनियन ओला होतो. पण ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते. नाकात, घशात, हिरड्यांत काही दिसत नाही. दुकानातून आणलेल्या गोळ्यांचे रिकामे पाकीट पत्नीने सोबत आणलेले असते आणि ती गोळी लेव्होफ्लॉक्सासिन निघते. मधल्या दहा दिवसांच्या “बरे वाटण्या”चा उलगडा तेथे होतो.

एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसतो. थुंकीचा पहिला नमुना प्रयोगशाळा परत पाठवते, कारण डबीत बेडका नव्हताच, नुसती लाळ होती. दुसऱ्या दिवशी पहाटेचा नमुना जातो आणि ट्रूनॅट चाचणीत क्षयरोगाचे जंतू सापडतात. रिफाम्पिसिनला ते दाद देतात, असेही कळते. सहा महिन्यांचे औषध सुरू होते आणि घरातील माणसांची तपासणी होते. ही ट्रूनॅट चाचणी बनवणारी कंपनी वेर्णा येथील आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली या चाचणीला मान्यता दिली, ही गोव्याच्या वाचकांना फारशी ठाऊक नसलेली गोष्ट.

नमुना परत येण्याचा प्रकार क्षुल्लक वाटतो, पण रोग हुकण्याचे ते एक मोठे कारण आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर बेडक्यात ते किमान पाच ते दहा हजार असावे लागतात. लाळेत ते नसतातच. जनुकीय चाचणीला फार कमी जंतू पुरतात, तरी तिलाही फुप्फुसातला बेडकाच लागतो. त्यासाठी पहाटे उठल्यावर, काही खाण्यापूर्वी, साध्या पाण्याने चूळ भरावी. घराबाहेर मोकळ्या हवेत उभे राहून दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा, तो क्षणभर रोखावा आणि छातीच्या तळापासून खोकावे. चिकट, घट्ट असा दोन ते पाच मिलिलिटर, म्हणजे साधारण अर्धा ते एक चमचा बेडका डबीत पडला पाहिजे. त्यात रक्ताचा धागा असला तरी बाजूला काढू नये. शासकीय केंद्रांत ही तपासणी आणि उपचार विनामूल्य आहेत. १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर जवळच्या केंद्राची माहिती मिळते.

फोटो स्वच्छ आला, तरी

याच उदाहरणात थुंकीच्या दोन्ही नमुन्यांत जंतू सापडले नसते तर काय झाले असते? येथे वाट दुभंगते आणि चूक बहुधा येथेच होते. डाग आहे, रक्त आहे, वजन घटले आहे, तेव्हा “थुंकीत न सापडणारा टीबी” धरून औषधे सुरू करावीत, असा मोह होतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचे पुष्कळ रुग्ण आपल्या देशात आधी काही महिने क्षयरोगाची औषधे घेत राहतात, हे छातीच्या विकारांच्या डॉक्टरांना परिचयाचे चित्र आहे. दोन्ही रोगांत खोकला, रक्त, वजनघट आणि फोटोतला डाग सारखाच. फरक असा की क्षयरोग काही महिने उशिरा सापडला तरी बहुधा बरा होतो. कर्करोगात शस्त्रक्रियेने काढता येणारी गाठ त्या अवधीत शस्त्रक्रियेच्या पलीकडे जाऊ शकते. जंतू सापडले नाहीत तर सीटी स्कॅन करावा आणि दुर्बिणीने श्वासनलिका पाहून तुकडा तपासावा, हा आग्रह रुग्णाच्या नातेवाइकांनीही धरण्यासारखा आहे.

एक्स-रे पूर्ण स्वच्छ आला तर? हृदयाच्या सावलीमागे, बरगड्यांच्या आड किंवा मोठ्या नलिकेच्या आतच असलेली लहान गाठ साध्या फोटोत लपून राहते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या सुमारे पाचांपैकी एका रुग्णात पहिला एक्स-रे ती दाखवीत नाही. वय चाळीसच्या पुढे असेल, तंबाखूचे धूम्रपान आता किंवा पूर्वी झालेले असेल आणि रक्ताचे दुसरे स्पष्ट कारण सापडले नसेल, तर स्वच्छ फोटोवर विसंबून थांबणे योग्य नाही. रक्त पुन्हा दिसले किंवा आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, तर सीटी स्कॅन लांबवू नये. पंचविशीतला, कधीही धूम्रपान न केलेला तरुण, जोराच्या सर्दी-खोकल्यात एकदाच रेघ दिसली, थुंकी आणि फोटो दोन्ही निर्दोष आणि दोन आठवड्यांत तो ठणठणीत, असे असेल तर पुढे शोध घेण्याची गरज सहसा नसते. पन्नाशीनंतर न्यूमोनिया झाला असेल, तर तो बरा झाल्यावर सुमारे सहा आठवड्यांनी पुन्हा एक फोटो काढून डाग खरोखर विरला आहे ना, हे पाहून घ्यावे. न विरणाऱ्या डागामागे कधी गाठ असते.

हृदयासाठी किंवा पक्षाघातानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत “गोळ्यांमुळे आले असेल” असे म्हणून विषय मिटवला जातो. या गोळ्या रक्त लवकर थांबू देत नाहीत हे खरे. पण ते वाहायला एखादी इजा झालेली जागा लागतेच. कधी कधी तर त्या गोळीमुळे लपलेली गाठ लवकर ध्यानात येते. अशा रुग्णांनी गोळी मनाने बंद करू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

पावसाळ्यात कोकणपट्टीत आणखी एक शक्यता डोळ्यांसमोर ठेवावी लागते. शेतात, चिखलात, उंदरांचा वावर असलेल्या पाण्यात अनवाणी काम केल्यावर काही दिवसांनी जोराचा ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे आणि लाल डोळे ही लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे आहेत. या आजाराच्या एका तीव्र प्रकारात फुप्फुसात आतल्या आत रक्तस्राव होतो. बाहेर फक्त चार रेघा दिसतात आणि धाप मात्र तासातासाने वाढत जाते. येथे थुंकीच्या अहवालाची वाट पाहायची नसते. तापाबरोबर रक्त आणि दम, एवढे दिसले की रात्रीसुद्धा गोमेकॉ किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे.

केव्हा धावपळ करावी

रेघ दिसली तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जाणे पुरेसे असते. निव्वळ रक्ताचे चमचे पडू लागले, गुठळ्या आल्या, किंवा रक्त थोडे असूनही श्वास लागत असेल, चक्कर येत असेल, छातीत कळ असेल, एखादा पाय सुजून दुखत असेल, तर त्याच वेळी रुग्णालयात जावे. सुजलेल्या पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकल्यानेही खोकल्यातून रक्त येते आणि त्याला उशीर परवडत नाही.

मोठ्या रक्तस्रावात माणूस रक्त कमी होऊन दगावतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो गुदमरून दगावतो. घशापासून फुप्फुसापर्यंतच्या श्वासमार्गात सुमारे दीडशे मिलिलिटर हवा मावते, म्हणजे चहाच्या एका मध्यम कपाएवढी. तेवढे रक्त साचून गोठले तर श्वासाला वाट राहत नाही. म्हणून अशा वेळी रुग्णाला उताणे झोपवू नये. रक्त कोणत्या बाजूच्या फुप्फुसातून येते हे आधीच्या तपासणीवरून ठाऊक असेल, तर त्याला त्याच कुशीवर, दोषी बाजू खाली येईल असे निजवावे, म्हणजे निरोगी फुप्फुसात रक्त उतरत नाही. बाजू ठाऊक नसेल तर पुढे झुकवून बसवावे आणि तोंडात येणारे रक्त गिळू न देता थुंकू द्यावे. खोकला दाबणारे सिरप किंवा झोपेची गोळी देऊ नये; त्या घटकेला खोकलाच श्वासमार्ग मोकळा ठेवीत असतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि निघताना जुने एक्स-रे, पूर्वीच्या क्षयरोगाचे कागद व सध्याच्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत न्यावीत. त्या जुन्या फोटोवरून रक्त कोणत्या बाजूचे असावे, याचा अंदाज डॉक्टरांना दारातच येऊ शकतो.